डाळिंबाची फवारणी, पाठीचे दुखणे आणि मूत्रवाहिनीतला खडा

सांगोला तालुक्यातल्या बावन्न वर्षांच्या एका डाळिंब उत्पादकाची ही गोष्ट आहे. हा शेतकरी म्हणजे कोणी एक ठरावीक माणूस नव्हे. मूत्ररोगतज्ज्ञांकडे वरचेवर येणाऱ्या रुग्णांच्या हकिकतींवरून तो उभा केलेला आहे. घरचे त्यांना आबा म्हणतात, म्हणून आपणही तेच नाव वापरू.

आबांची पाच एकर बाग आहे. पावसाळ्यात तेल्या रोगाची धास्ती असल्यामुळे फवारण्या लांबवता येत नाहीत, आणि जिथे ट्रॅक्टर वळत नाही त्या कडेच्या ओळींना ते वर्षानुवर्षे पाठीवरच्या पंपानेच फवारणी करत आले आहेत. सोळा लिटरचा पंप औषधाने भरला की त्याचे वजन वीस किलोच्या आसपास जाते. त्यामुळे ऑगस्टमध्ये उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली पाठ दुखू लागली तेव्हा तिचे कारण कोणाला शोधावेसे वाटले नाही. ते कारण रोज पट्टे लावून त्यांच्या खांद्यावर चढत होते.

या दुखण्याआधी, मे महिन्यात, एक प्रसंग घडून गेला होता, पण तो पुढे सगळेच विसरले. एके रात्री उजव्या कुशीत अचानक इतकी जोराची कळ उठली की आबांना बसवेना, निजवेना. ते अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि दोनदा उलटीही झाली. गावातल्या डॉक्टरांनी पित्त समजून इंजेक्शन दिले, सकाळपर्यंत कळ थांबली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. छाटणीच्या दिवसांत भर उन्हात एका बाटलीभर पाण्यावर दुपार काढणाऱ्या माणसाला अशी कळ येते, तेव्हा ती बहुतेकदा मूत्रपिंडातला खडा सुटून खाली मूत्रवाहिनीत उतरल्याची असते. जाणकार डॉक्टर तिचे वर्णन ऐकूनच ती ओळखतात, कारण स्नायू किंवा मणका दुखणारा माणूस हालचाल टाळून एका जागी पडून राहतो आणि खड्याच्या कळेतला माणूस एका जागी राहूच शकत नाही.

इथे शरीररचना थोडी समजून घ्यावी लागते. मूत्रपिंडे पोटात, आतड्यांच्या शेजारी आहेत अशी आपली साधारण समजूत असते. प्रत्यक्षात ती पोटाच्या पोकळीच्या मागे, पाठीच्या जाड स्नायूंना टेकून, कण्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यांचा वरचा भाग शेवटच्या दोन बरगड्यांच्या आड झाकलेला असतो, आणि यकृतामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते. त्यातून निघणारी मूत्रवाहिनी पंचवीस ते तीस सेंटीमीटर लांब आणि आतून अवघी तीन-चार मिलिमीटर रुंद असते. ती मूत्रपिंडातून जिथे सुरू होते, कमरेच्या खाली मोठ्या रक्तवाहिन्या जिथे ओलांडते आणि मूत्राशयात जिथे शिरते, अशा तीन ठिकाणी आणखी अरुंद होते, त्यामुळे खडे बहुधा याच टप्प्यांवर अडकतात.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागात शस्त्र फिरवले तरी वेदना कळणार नाही अशी त्याची घडण आहे. वेदना जाणवते ती त्याच्यावरचे आवरण आणि लघवी साठण्याची आतली पिशवी ताणली गेल्यावर. ठिबकची नळी एका जागी तुंबली की मागे दाब वाढून ती फुगते, तसा खड्याच्या मागे लघवीचा दाब वाढतो आणि हा ताण पडतो. त्याची खबर नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर पाठीच्या खालच्या भागाच्या, कुशीच्या आणि जांघेच्या त्वचेकडून व स्नायूंकडून येणाऱ्या नसाही शिरतात. मेंदूला त्यांतला फरक नीट करता येत नाही, म्हणून मूत्रपिंडाचे दुखणे पाठ दुखल्यासारखे भासते आणि पुष्कळदा जांघेकडे उतरते.

मेमधली कळ थांबली म्हणजे खडा गेला, असे आबांच्या घरी सगळ्यांनी धरले, आणि ते धरणे स्वाभाविकही होते. मात्र मूत्रवाहिनी अडली की पहिले काही तास दाब झपाट्याने वाढतो आणि कळ असह्य होते. अडथळा तसाच राहिला तर पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंड स्वतःचा रक्तपुरवठा आणि गाळण्याचे काम दोन्ही कमी करते, लघवी कमी तयार होते, आतली पिशवी हळूहळू सैलावून मोठी होते आणि दाब उतरतो. दाब उतरला की कळही उतरते आणि मागे राहतो तो बोथट, खोल, सतत जाणवणारा ठणका. काही रुग्णांत तर तोही राहत नाही. म्हणजे या आजारात दुखणे कमी होणे हे अडथळा दूर झाल्याचे लक्षण असू शकते, तसेच मूत्रपिंडाने काम सोडून देण्याचेही असू शकते, आणि नुसत्या वेदनेवरून या दोहोंतला फरक सांगता येत नाही. खड्याची कळ एकदा येऊन गेलेल्या प्रत्येकाची काही आठवड्यांनी सोनोग्राफी करून खडा खरोखर पडल्याची खात्री करायची असते, ती याचसाठी. आबांच्या बाबतीत कळेला खड्याचे नावच मिळाले नव्हते, त्यामुळे ती खात्री करण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतचा प्रवास आपल्याकडे अनेकांच्या ओळखीचा असेल. आधी गावात डायक्लोफिनॅकची इंजेक्शने झाली, मग चोळून घेणे झाले, मग तालुक्याला हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे झाला आणि दिवाळीनंतर जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती किंचित बाहेर आलेली दिसली. कमरेचा पट्टा आला, पंप उचलायला बंदी आली, व्यायाम सुरू झाले. दुखणे जसेच्या तसे राहिले आणि आबा रोज एक-दोन वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ लागले.

या प्रवासात कोणी बेपर्वाईने वागले असे मला वाटत नाही. चकतीचा फुगवटा खराच होता. पण पाठ अजिबात दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या माणसांचा एमआरआय काढला, तरी त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत असा फुगवटा दिसतो. तो वयाबरोबर येतो. पायात उतरणारी कळ, बधिरपणा, पाय उचलताना जाणवणारा ताण यांची जोड असेल तर त्या फुगवट्याला अर्थ येतो. आबांना यांतले काही नव्हते. शिवाय फुगवटा कमरेच्या अगदी खालच्या भागात होता आणि दुखत होते बरगडीखाली, चांगले वीतभर वर. अहवालात एखादी गोष्ट छापून आली की शोध तिथे थांबतो, आणि या गोष्टीतली सर्वांत महागडी चूक माझ्या मते तीच आहे.

दुसरा चकवा इंजेक्शनने दिला. डायक्लोफिनॅक घेतले की दोन दिवस आराम पडतो, त्या अर्थी दुखणे स्नायूंचे किंवा मणक्याचेच आहे, असा तर्क घरच्यांनी केला आणि बहुधा डॉक्टरांच्याही मनात तो असावा. प्रत्यक्षात डायक्लोफिनॅक आणि त्याच्या जातीची औषधे ही मूत्रपिंडाच्या कळेवरची पहिल्या पसंतीची औषधे आहेत. अडलेल्या मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात, त्यांच्यामुळे रक्तपुरवठा आणि आतला दाब वाढतो आणि मूत्रवाहिनी आवळते. ही औषधे त्याच द्रव्यांची निर्मिती रोखतात. त्यामुळे अशा औषधाने वेदना थांबण्यावरून ती कुठून येत होती याचा काहीही पुरावा मिळत नाही.

अडचण अशी, की हीच द्रव्ये मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक धमनी उघडी ठेवण्याचे कामही करतात. भरपूर पाणी पिणाऱ्या निरोगी माणसाने चार दिवस गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण उन्हात घाम गाळून शरीरातले पाणी कमी झालेले असेल, किंवा एक मूत्रपिंड आधीच अडलेले असेल, तर रक्तपुरवठा टिकवण्याची सारी भिस्त त्या द्रव्यांवरच असते आणि गोळी नेमकी ती द्रव्येच काढून घेते. आबांच्या बाबतीत उजव्या मूत्रपिंडाला खडा दाबत होता आणि डाव्या, चांगल्या मूत्रपिंडाला गोळ्या.

दिशा बदलली ती फेब्रुवारीत, आणि कोणत्या यंत्राने नव्हे तर तीन प्रश्नांनी. रक्तदाब तपासायला म्हणून आबा ग्रामीण रुग्णालयात गेले होते. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी पट्टा पाहून विचारले, "काका, वाकल्यावर जास्त दुखतं का?"

"वाकल्यावर बी तेवढंच आन् ताठ बसल्यावर बी तेवढंच."

"रात्री पडल्यावर आराम वाटतो?"

"न्हाई. उताणं निजलं तरी तसंच, कुशीवर झालं तरी तसंच. उलट रातच्याला तांब्याभर पाणी पिऊन निजलं की जास्तच ठणकतंय, म्हणून हल्ली संध्याकाळपासून पाणीच कमी केलंय."

मणक्याचे किंवा स्नायूंचे दुखणे हालचालीशी बांधलेले असते: विशिष्ट तऱ्हेने वाकले, उठले, वजन उचलले की वाढते आणि एखादी तरी निजण्याची बाजू अशी सापडते जिथे ते सैलावते. स्थिती कशीही बदलली तरी न बदलणारी पाठदुखी आतल्या अवयवाकडे बोट दाखवते. पाणी प्यायल्यावर ठणका वाढणे हे तर आणखी बोलके, कारण जास्त पाणी म्हणजे जास्त लघवी आणि अडलेल्या जागेमागे जास्त दाब. तो टाळायला आबांनी पाणी तोडले, लघवी आणखी दाट झाली आणि खडे वाढायला आणखी अनुकूल झाली.

तिसरा प्रश्न आधी कधी पोटात कळ येऊन गेली का, हा होता. मे महिन्यातली रात्र तेव्हा आठवली, आणि आबांना नव्हे, सोबत आलेल्या काकूंना.

डॉक्टरांनी मग आबांना पालथे न निजवता बसवले, शेवटची बरगडी जिथे कण्याला भेटते त्या कोनावर डावा तळवा ठेवला आणि त्यावर उजव्या मुठीने हलकेच ठोकले. डाव्या बाजूला काही जाणवले नाही. उजव्या बाजूला आबा दचकून पुढे सरकले. पाय सरळ वर उचलून पाहिला तर दोन्ही बाजूंना काही त्रास झाला नाही. ही तपासणी निर्णायक नसते, कारण तिथला स्नायू लचकला असला तरी ठोकल्यावर दुखते. पण हालचालीशी संबंध नसलेले दुखणे, जुनी कळ आणि हा कोन असे तिन्ही जुळले की सोनोग्राफी थांबवायचे कारण उरत नाही.

सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड लघवीने फुगलेले दिसले, मूत्रवाहिनीचा वरचा भागही रुंदावलेला दिसला, आणि त्यापुढे आतड्यातल्या वायूमुळे काहीच दिसेना. हे नेहमीचेच आहे. सोनोग्राफी सूज चांगली दाखवते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा तिला अनेकदा सापडत नाही. म्हणून नंतर साधा, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता काढलेला सीटी स्कॅन झाला. रंगद्रव्य टाळण्याचा दुहेरी फायदा असतो: खडे त्याच्याविनाच स्पष्ट दिसतात आणि आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडावर जादा भार पडत नाही. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर, मूत्रवाहिनीत रुतलेला चौदा मिलिमीटरचा खडा त्यात दिसला. डाव्या मूत्रपिंडातही चार मिलिमीटरचा एक खडा होता, पण तो कुठे अडलेला नव्हता.

सोलापूरच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी सीटी पाहून झाल्यावर सप्टेंबरातला पाठीचा जुना एक्स-रे मागवून उजेडाच्या पेटीवर लावला. तिसऱ्या मणक्याच्या आडव्या काट्याच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याहून मोठा पांढुरका ठिपका होता. जागा माहीत झाल्यावर तो लगेच दिसतो. मणक्यांमधली अंतरे पाहत असलेल्या नजरेला तो आतड्यातला एखादा कण वाटून निसटतो. बहुतेक खड्यांत कॅल्शियम असल्यामुळे ते एक्स-रेवर उमटतात, पण युरिक ॲसिडचे खडे साध्या एक्स-रेवर उमटत नाहीत.

मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात ते क्रिएटिनीन नावाचे द्रव्य तपासणीत १.६ निघाले, नेहमीची मर्यादा प्रयोगशाळेगणिक १.२ ते १.३ च्या आसपास असते. या आकड्याविषयी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक मूत्रपिंड पूर्ण बंद पडले आणि दुसरे धडधाकट असले, तर क्रिएटिनीन पुष्कळदा मर्यादेतच राहते, कारण दुसरे काम ओढून नेते. "किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे" या वाक्याने एका बाजूचा अडथळा नाकारता येत नाही. आबांचा आकडा वाढला होता, त्या अर्थी डावी बाजूही गोळ्यांखाली दबली होती. त्यामुळे पहिला आदेश शस्त्रक्रियेचा नव्हता, तर सगळ्या वेदनाशामक गोळ्या त्याच दिवशी बंद करण्याचा होता.

खडा लगेच का काढला नाही, हे घरच्यांना कोडे वाटले. लघवीत पूपेशी होत्या आणि मूत्रवाहिनीचे अस्तर महिनोन्‌महिने रुतलेल्या खड्याभोवती सुजलेले होते. अशा जागी लगेच दुर्बीण घालून जोर लावला तर नळी फाटण्याचा आणि जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी डीजे स्टेंट बसवला. ही दोन्ही टोकांना वळलेली, साधारण सव्वीस सेंटीमीटरची मऊ नळी असते. एक टोक मूत्रपिंडात आणि दुसरे मूत्राशयात राहते आणि लघवी खड्याला वळसा घालून उतरते. आबांना थंडी वाजून ताप आला असता, तर हाच स्टेंट काही तासांत, मध्यरात्री असली तरी, टाकावा लागला असता, कारण अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला की जिवावर बेतते.

स्टेंटनंतर वारंवार लघवीला जावे लागणे, लघवी करताना कुशीत दुखणे आणि अंगमेहनतीनंतर लघवी लालसर होणे हे त्रास झाले, आणि ते अपेक्षितच असतात. गोळ्या बंद आणि वाट मोकळी झाल्यावर क्रिएटिनीन १.२ वर आले. तीन आठवड्यांनी, जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर, लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण नेऊन होल्मियम लेसरने खड्याचा चुरा केला. त्यासाठी अंगावर कुठेही काप द्यावा लागला नाही. दरम्यान गावातून कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने घरपोच आली होती. चार-पाच मिलिमीटरचे खडे काहीही न करता बहुतेकदा पडून जातात, त्यामुळे त्या वेळी जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते. दहा मिलिमीटरच्या वरचा, रुतलेला खडा कढणाने पडण्याची आशा धरू नये.

खड्याच्या कामानंतर नवा स्टेंट काही आठवडे ठेवतात आणि तो काढावाच लागतो. दुखणे थांबले, हंगाम आला, स्टेंट विसरला, असे आपल्याकडे वारंवार घडते. महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवरच खडे चढतात आणि ती काढायला मोठी शस्त्रक्रिया लागते. आबांच्या मुलाने काढण्याची तारीख बागेच्या फवारणीच्या वहीत लिहून ठेवली होती, त्यामुळे ती चुकली नाही.

किती नुकसान झाले, हे पाहण्यासाठी डीटीपीए स्कॅन केला. त्यात शिरेतून अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य देऊन प्रत्येक मूत्रपिंड एकूण कामातला किती वाटा उचलते ते मोजतात. निरोगी माणसात तो जवळपास निम्मा-निम्मा असतो. हा स्कॅन अडथळा दूर झाल्यानंतर करणे योग्य, कारण दाबाखालचे मूत्रपिंड प्रत्यक्षात आहे त्याहून निकामी भासते. आबांचे उजवे मूत्रपिंड ३१ टक्के काम करत होते, आणि सहा महिन्यांनीही आकडा फारसा हलला नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. ते काढून टाकण्याचा विचार मात्र कोणी केला नाही. तसा विचार वाटा दहा-पंधरा टक्क्यांच्या खाली गेल्यावर आणि त्रास होत असल्यास करतात.

याचा अर्थ पाठ दुखली की प्रत्येकाने सोनोग्राफीला धावावे असा नाही. पाठदुखी बहुतांशी स्नायूंची आणि सांध्यांचीच असते आणि काही आठवड्यांत ओसरते. पण दुखणे एका बाजूला, बरगडीखाली असेल, हालचालीने बदलत नसेल, जांघेत उतरत असेल, आधी कळ येऊन गेली असेल किंवा पूर्वी खडा झाला असेल, तर लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनीन आणि सोनोग्राफी या तीन गोष्टी एमआरआयच्या आधी व्हाव्यात; तिन्ही मिळून खर्च एमआरआयपेक्षा पुष्कळ कमी येतो. लघवीत रक्तपेशी सापडल्या तर संशय बळावतो, न सापडल्या तर मात्र तो मिटत नाही, कारण नळी पूर्ण अडलेली असेल तर त्या बाजूची लघवी खाली येतच नाही.

खड्याचा चुरा तपासणीला पाठवला होता आणि तो नेहमीच्याच, कॅल्शियम ऑक्झलेट जातीचा निघाला. आहाराबाबत आबांना सांगितलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. मीठ, पापड, लोणची कमी करायची. दूध-ताक मात्र बंद करायचे नाही, कारण अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते बंद केले तर ऑक्झलेट उलट जास्त शोषले जाते. पाण्याबाबत डॉक्टरांनी ग्लास मोजायला सांगितले नाहीत. सांगोल्याच्या उन्हात प्यायलेल्यातले किती घामावाटे गेले हे ग्लासांवरून कळत नाही. दिवसभरात अडीच लिटर लघवी व्हायला हवी, एवढेच माप दिले. आबांनी एका रविवारी औषध मोजण्याच्या कोऱ्या, न वापरलेल्या मापाने ती मोजली, तेव्हा चोवीस तासांत जेमतेम नऊशे मिलिलिटर भरली. आता छाटणीला जाताना पाच लिटरचा कॅन बरोबर असतो आणि पाठ दुखलीच, कारण पंप अजून सुटलेला नाही, तर पॅरासिटामॉल घेतात. डाव्या बाजूचा चार मिलिमीटरचा खडा जागच्या जागी आहे. त्याला हात लावायचे कारण नाही, फक्त वर्षातून एकदा सोनोग्राफी करून तो वाढला आहे का आणि हलला आहे का, हे पाहायचे आहे.